करदोड्याखालची दोन बोटं

माझं अक्षर चांगलं आहे आणि त्याचा मला माज होता. नांदेडच्या ज्या दवाखान्यात माझी हयात गेली, तिथल्या आयसीयूत नवी मुलगी रुजू झाली की तिच्या हातात माझा चार्ट दिला जायचा. "असं लिहायचं," एवढंच सांगायचे. रकाने सरळ, आकडे टपोरे, खाडाखोड नाही. माझ्या मागे मुली मला काय म्हणायच्या ते मला ठाऊक होतं. तोंडाने मी फटकळ आहे, माझं लग्न जमवताना लातूरच्या मावशीनं हे लपवून ठेवलं होतं म्हणे. पण अक्षराला कुणी नाव ठेवलं नाही.

त्या अक्षरानं एकदा मला तोंडघशी पाडलं. एका माणसाचा जीवही त्यात जायचा होता.

तो कंधारकडच्या एका खेड्यातला. तिशीतला, उंचापुरा, रापलेला. सोयाबीनच्या पोत्यांवर ताडपत्री बांधताना दोर तुटला आणि ट्रॉलीवरून तो डोक्यावर पडला. आमच्याकडे आणला तेव्हा बेशुद्ध होता, दोन्ही डोळ्यांभोवती काळंनिळं झालेलं आणि नाकातून रक्तमिश्रित पाणी ठिबकत होतं. श्वासासाठी तोंडातून नळी टाकून त्याला मशीनवर घेतलं. बरोबर फक्त त्याची आई होती. बापाचं छत्र लहानपणीच गेलेलं, बायको बाळंतपणाला माहेरी. आईनं सगळ्या कागदांवर स्वतःच सह्या केल्या, एकेक अक्षर कोरून काढल्यासारखी.

आमच्या खात्यात एक शिरस्ता आहे. आयसीयूत माणूस आला की अंगावरचं सगळं उतरवायचं: ताईत, अंगठी, गंडा, दोरा. आणि करदोडा कात्रीनं कापायचा. करदोडा म्हणजे पुरुषाच्या कमरेचा काळा गोफ. त्याचाही होता, जाड, घामानं कडक झालेला. मी कात्री घेतली आणि आईनं माझं मनगट धरलं.

"बाई, तोडू नका. मेल्यावर तोडतेत करदोडा. माझा लेक जित्ता हाय."

मला हे माहीत नव्हतं असं नाही. माझ्या वडिलांचा करदोडा तोडला तेव्हा मी शेजारी उभी होते. एरवी मी दोन शब्द सुनावले असते, पण त्या दिवशी का कोण जाणे, कात्री ट्रेमध्ये परत ठेवली. गोफाखाली बोटं घालून बघितली. दोन बोटं आरामात जात होती.

"राहू दे," मी म्हटलं. "पण मधेमधे काही अडचण आली तर मी विचारायला येणार नाही, सांगून ठेवते."

"हाव बाई," ती म्हणाली.

बेशुद्ध माणसाला जेवता येत नाही, पण त्याचं शरीर जेवण मागतच असतं. एक-दोन दिवसांत पोटात काही गेलं नाही तर आतडी सुस्तावतात, जखमा भरत नाहीत. म्हणून नळी. साधारणपणे ती नाकातून पोटात टाकतात आणि आमचा तरुण रेसिडेंट डॉक्टर दुसऱ्या दिवशी सकाळी तेच करायला निघाला होता. नळीला जेली लावून झाली होती. मी त्याच्या हाताकडे बघितलं, मग पेशंटच्या नाकाकडे.

"सर, स्कॅनमध्ये कवटीच्या तळाला तडा आहे. नाकातून नको."

त्याचा हात तिथंच थांबला. कवटीचा तळ फुटलेला असेल तर नाकातून सरकवलेली नळी पोटात जायच्या ऐवजी त्या फटीतून मेंदूत शिरू शकते. पुस्तकात हे त्यानं वाचलेलं होतं, मीही वाचलेलं होतं. पण पुस्तक आणि सकाळचे साडेआठ यात फरक असतो. त्यानं नळी तोंडातून टाकली, सोळा नंबरची जाड. एक्स-रे काढून टोक जठरात असल्याची खात्री केली. मी चार्टवर लिहिलं: मार्ग तोंडातून, नळी सोळा नंबर, ओठापाशी पंचावन्न सेंटीमीटर. त्या दिवशी मी स्वतःवर खूश होते.

पातळ अन्न पंपावर लावलं, तासाला वीस मिली. दर चार तासांनी सिरिंजनं ओढून पोटात काय उरलंय ते बघायचं आणि रकान्यात लिहायचं. उरलेलं जास्त असेल तर पोट पुढं ढकलत नाही, वेग वाढवायचा नाही. जास्तच साठलं तर ते वर येतं, घशातून छातीत उतरतं, आणि बेशुद्ध माणसाला खोकताही येत नाही. आमच्या वॉर्डात अशी एक-दोन माणसं मी गमावलेली होती. म्हणून उशाकडची बाजू तीस अंशांवर उचललेली आहे ना, हे मी येताजाता बघायची.

त्याचं पोट सुरुवातीपासून आळशी होतं. कधी एकशेऐंशी निघे, कधी दोनशे दहा. वेग तिशीच्या पुढं जाईना. सहाव्या दिवशी गळ्याला छिद्र पाडून श्वासाची नळी तिथं बसवली. पण जेवणाची जाड नळी ओठाच्या कोपऱ्याला घासून जखम करत होती. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, बारीक मऊ नळी टाका. दुपारी रेसिडेंटनं ती टाकली, तोंडातूनच, दहा नंबरची. एक्स-रे झाला, टोक जागेवर होतं. मी अन्न परत चालू केलं.

आता माझी चूक सांगते. दुसऱ्या दिवशी मी नवा चार्ट घेतला. वरच्या ओळीत मार्ग, नळी, नंबर लिहायचं असतं. आदल्या दिवशीचा कागद शेजारी होता. त्या सबंध आठवड्यात मी रोज त्या रकान्यात दोन काड्या ओढत होते. "वरीलप्रमाणे" याच्या दोन काड्या. त्याही दिवशी ओढल्या. नळी बदलली होती, काड्या तशाच राहिल्या. ड्यूटी बदलून येणाऱ्या मुलींनीही माझ्याच काड्यांखाली आपल्या काड्या ओढल्या. माझा चार्ट म्हटल्यावर कोण कशाला तपासतंय?

आणि नळी बदलल्यापासून पोटातून काही निघेनासं झालं. सिरिंज ओढली की रिकामी. मी लिहिलं: निरंक. पुढची मुलगी: निरंक. त्यातलं एकही निरंक खोटं नव्हतं, हे आजही सांगते. खरोखरच काही आलं नव्हतं. पण आम्ही ओढत होतो दहा मिलीच्या लहान सिरिंजनं, आणि मऊ बारीक नळी जोरात ओढली की आतल्या आत चिकटते, पोटात घागरभर असलं तरी थेंब येत नाही. हे मला कळत नव्हतं असं नाही. पण कागदावर सोळा नंबर होता, आणि सोळा नंबरच्या नळीतून काही येत नाही म्हणजे पोट रिकामं आहे. कागद मी लिहिला होता आणि मीच त्याच्यावर विश्वास ठेवला.

राउंडला मोठे डॉक्टर म्हणाले, "वा, पोट लागलं की कामाला." वेग चाळीस झाला, साठ झाला, पंच्याहत्तर झाला. मी प्रत्येक वेळी टपोऱ्या अक्षरात लिहिलं. शौचाच्या रकान्यात चार दिवस "नाही" होतं, तेही स्वच्छ लिहिलेलं. कुणीही, मीसुद्धा, तो "नाही" आणि ते "निरंक" एकमेकांशेजारी ठेवून बघितलं नाही.

आईला सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं आत सोडत. ती येऊन त्याचे पाय चेपायची, पुटपुटायची, आणि जाताना चादर सारखी करायची. नवव्या दिवशी संध्याकाळी ती मला म्हणाली, "बाई, करदोडा रुतून राहिलाय बगा."

मी औषधं भरत होते. "सूज असते अंगावर, आक्का. सलाइन चालू आहे ना."

दहाव्या दिवशी सकाळी परत तेच. "बाई, लई रुतलाय. कमरंला वळ पडलाय."

त्या दिवशी दोन पेशंट एकदम बिघडलेले होते. मी तिला जे बोलले ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. "आक्का, पोट तुम्ही बघायचं की मी? एवढा जीव जातोय दोऱ्यात तर कापून टाकते, चालेल?"  ती पदर तोंडाला लावून बाहेर गेली. मला वाटलं, बरं झालं, कटकट मिटली.

त्याच दिवशी ठरलं की याला कायमस्वरूपी मार्ग करायचा. शुद्ध कधी येईल सांगता येत नव्हतं. नाक बंद, आणि तोंडातली नळी महिनोन्महिने ठेवता येत नाही. तेव्हा पोटावरच्या कातडीतून सरळ जठरात नळी बसवायची, दुर्बिणीनं. हे करणारे डॉक्टर लातूरहून आठवड्यातून एकदा आमच्याकडे येत, दुसऱ्या दिवशी त्यांचा वार होता. त्यांनी फोनवर एकच विचारलं, पोट रिकामं होतंय ना? रेसिडेंटनं माझा चार्ट समोर धरून वाचून दाखवला. पाच दिवस निरंक.

अकराव्या दिवशी पहाटे सहाला नियमाप्रमाणे अन्न बंद केलं. मी सातला आले. बाराच्या सुमारास लातूरचे डॉक्टर पोचल्याचा निरोप आला, एक वाजता घेणार. मी त्याला तयार करायला घेतला. पोट पुसायचं, केस काढायचे आणि ऑपरेशन थिएटरच्या नियमाप्रमाणे अंगावर एकही दोरा ठेवायचा नाही.

आई दारात उभी होती. सहीसाठी बोलावली होती, ती झाली होती, तरी गेली नव्हती. माझ्या हातातली कात्री तिला दिसली आणि ती आत धावत आली. चपला घालूनच. इतक्या वर्षांत त्या दारातून चपला घालून कुणी आत शिरलेलं मी बघितलं नव्हतं.

"तोडू नका बाई! काल मी बोलले म्हणून तोडताव का? चुकलं माझं. आता न्हाई बोलणार. रुतू द्या, पन तोडू नका!"

ती माझ्या पायाशीच बसली. अख्खा वॉर्ड बघत होता. मला राग आला, पण तिचा नाही, कालच्या माझ्या बोलण्याचा. माझी धमकी तिनं रात्रभर उराशी धरली होती.

"उठा आक्का," मी म्हटलं. "तोडत नाही. गाठ सोडते नाहीतर वर सरकवते. उठा."

मी कात्री खाली ठेवली आणि करदोड्याखाली बोट घालायला गेले.

बोट गेलं नाही.

करंगळी घालून बघितली. नखसुद्धा शिरेना. गोफ कातडीत बुडाला होता आणि दोन्ही बाजूंनी पोट वर आलं होतं. मी तळहात ठेवला, पोट ताणलेलं, टणक. टिचकी मारली तर डफावर मारल्यासारखा आवाज. अन्न बंद होऊन सहा तास झालेले. रिकामं पोट इतकं ताठ राहत नाही. मॉनिटरवर नाडी एकशेअठरा होती, काल शंभराच्या आत होती. स्टेथोस्कोप लावला, आतड्यांचा आवाज नावालाही नाही.

मग माझी नजर तोंडातल्या नळीवर गेली. बारीक, पिवळसर, मऊ. मी चार्ट उचलला. वरच्या रकान्यात दोन काड्या. आधीच्या कागदावर दोन काड्या. त्याच्या आधीच्यावर. मागं जाता जाता माझ्या टपोऱ्या अक्षरात: सोळा नंबर.

 मी पलंगाचा कठडा धरला. एक वाजता दुर्बीण घशातून जाणार होती. पोट असं तुडुंब असेल तर ते सगळं उसळून वर येणार, आणि गळ्यातल्या श्वासाच्या नळीभोवतीचा, गळती अडवणारा फुगा कितीही फुगवला तरी बाजूनं छातीत उतरणारच. आणि तसं झालं नसतं, तरी न चालणाऱ्या जठराला नवी नळी बसवून त्यातच पुन्हा अन्न ओतलं गेलं असतं.

आई माझ्याकडे बघत होती. 

"आक्का, तुम्ही बरोबर होता," मी म्हटलं. "बाहेर थांबा. मी येते."

उशाकडची बाजू आणखी उचलली. पन्नासची मोठी सिरिंज घेतली, नळीला लावून अगदी हळू, हळूच ओढली. आधी काही नाही. मग पांढरट, आंबूस वासाचं, पाच मिली. परत चिकटली. तेवढं पुरे होतं. थिएटरची दोन माणसं स्ट्रेचर घेऊन दारात आलेली होती. मी म्हटलं, पेशंट जाणार नाही. ते म्हणाले, सर वाट बघतायत. मी म्हटलं, बघू द्या.

रेसिडेंट आला, त्याच्या मागं लातूरचे डॉक्टर गाऊन घालूनच आले. कपाळावर आठ्या. त्यांना तीनला परत निघायचं होतं, तिकडं आणखी दोन पेशंट थांबलेले.

"सिस्टर, काय झालं? चार्टप्रमाणे तर पाच दिवस पोट साफ आहे."

"सर, चार्ट चुकीचा आहे," मी म्हटलं. "नळी सहाव्या दिवशी बदलली, दहा नंबर. कागदावर सोळाच राहिला. निरंक म्हणजे पोट रिकामं नव्हतं, नळी चिकटत होती. अक्षर माझं आहे."

मी आयुष्यात पुष्कळ भांडणं जिंकली आहेत. पण ही पाच वाक्यं मला त्या सगळ्या भांडणांपेक्षा जड गेली. दोन मुली माझ्यामागे उभ्या होत्या, ज्यांना मी हजार वेळा अक्षरावरून बोलले होते.

 लातूरच्या डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला, मग करदोड्याकडे बघितलं. "हा काढला नाही?"

"आईनं काढू दिला नाही. दोन दिवस ती सांगत होती, रुतलाय म्हणून. मी ऐकलं नाही."

"जाड नळी आणा," ते म्हणाले.

बारीक नळी काढली. रेसिडेंटनं सोळा नंबरची तोंडातून आत सरकवली. मी पिशवी जोडली आणि खाली टांगली. एक क्षण काहीच झालं नाही. मग नळी पांढरी झाली आणि पिशवी भरायला लागली. शंभर, दोनशे.  साडेतीनशे. रेसिडेंटच्या तोंडून "अरे बाप रे" निघालं. चारशे, पाचशे, मग हळूहळू. पावणेसातशेवर थांबलं. सहा तास उपाशी ठेवलेल्या माणसाच्या पोटातून. मी आकडा लिहिला आणि त्याखाली सही केली, वेळ घातली.

मला वाटलं आता माझी बारी. पण लातूरचे डॉक्टर गाऊनच्या नाड्या सोडत म्हणाले, "आज काही नाही करायचं. पोटावर नळी बसवून काय उपयोग, दार बदलेल, घर तुंबलेलंच राहील." त्यांनी रक्त तपासायला सांगितलं. पोटॅशियम घसरलेलं निघालं. आतडी सुस्तावायला तेही एक कारण. झोपेची औषधं कमी केली, पोटॅशियम भरलं, दोन दिवस पोट रिकामं ठेवलं आणि मग तासाला फक्त वीसपासून सुरुवात.

जाताना ते दारात थांबले. "सिस्टर, करदोडा राहू द्या. आणि टेपनं पोटाचा घेर रोज एकाच जागी मोजा, खूण करून." मग विचारलं, "आईला बोललात का?"

"नाही अजून."

"बोला."

आई बाकावर बसली होती, चपला शेजारी काढून ठेवलेल्या. मी तिच्याशेजारी बसले.  म्हटलं, "आक्का, माझ्या लिहिण्यात चूक झाली. पोट फुगलं होतं, तुम्ही सांगत होता, मी तुम्हालाच बोलले. आता पोट मोकळं केलंय."

 मला वाटलं ती आरडाओरडा करील, आणि तिनं केला असता तर बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "करदोडा हाय ना?"

"आहे."

"किती बोटं जातेत?"

मला रडू आलं. वॉर्डात मी कधी रडले नव्हते. "एक," मी म्हटलं. "उद्या दोन जातील."

जठर काही धड कामाला लागेना. तिशीच्या वर वेग नेला की परत दोनशे-अडीचशे उरायला लागलं. तेव्हा चार दिवसांनी त्याला लातूरला हलवायचं ठरलं. तिथं एक्स-रेच्या पडद्यावर बघत नळीचं टोक जठर ओलांडून लहान आतड्यात नेता येतं. पोट आळशी असलं तरी आतडं अन्न घेऊ शकतं, फक्त सावकाश, थेंबाथेंबानं. एकदम ओतलं तर जुलाब लागतात, पोटात कळा येतात.

त्याच्याबरोबर जाणारा कागद मी लिहिला. माझी ड्यूटी दोनला संपली होती, तीनला लिहून झाला. एकही काडी ओढली नाही. मार्ग: तोंडातून, नाक निषिद्ध, कवटीच्या तळाला तडा. "नाक निषिद्ध" लाल शाईत, दोनदा अधोरेखित. नळी: जाड, सोळा नंबर, टाकल्याची तारीख, ओठापाशी पंचावन्न, टोक जठरात, एक्स-रेनं खात्री. वेग: पंपावर तासाला तीस. दर चार तासांचं उरलेलं, पन्नासच्या सिरिंजनं, आकडे असे असे. पोटाचा घेर बेंबीवर, खूण केलेली आहे. उलटी नाही, शौच काल एकदा. पोटॅशियम. उशाकडची बाजू तीस अंश.

मग शेवटी, छापील कागदावर रकाना नव्हता म्हणून समासात लिहिलं: करदोडा कापू नये. खाली दोन बोटं जायला हवीत. न गेल्यास अन्न थांबवून डॉक्टरांना कळवावे.

रेसिडेंटनं ते वाचलं. हसला नाही. त्यानं त्याखाली आपली सही केली.

ॲम्ब्युलन्स निघाली तेव्हा आईनं माझा हात हातात घेतला आणि सोडला. मी तिला माझा फोन नंबर चिठ्ठीवर लिहून दिला. त्यानंतर नवा चार्ट घेतला की मी आधी पेशंटच्या तोंडाकडे जाते, नळी हातात धरून बघते, मग लिहिते. मुली म्हणतात, बाई म्हाताऱ्या झाल्या. अक्षर मात्र पूर्वीसारखं टपोरं राहिलं नाही, कारण उभ्यानं पलंगाशीच लिहिते.

लातूरला माझं सासर. तिकडं गेले की जाऊन बघीन, असं दर वेळी ठरवायची आणि जायचं टाळायची. काय बघायला मिळेल याची भीती. मधे एकदा तिथल्या एका नर्सकडून कळलं, नळी आतड्यात बसली, अन्न चाललंय, डोळे उघडतो पण ओळख नाही. मग तेही कळेनासं झालं. हिवाळा सरला.

एका दुपारी मी घरी कपडे वाळत घालत होते, तेव्हा अनोळखी नंबरवरून फोन आला.

"बाई, मी बोलून राहिले. करदोड्यावाली."

माझ्या हातातला कपडा पडला. "बोला आक्का."

"बाई," ती म्हणाली, "करदोडा रुतून राहिलाय."

मी खालीच बसले, ओल्या फरशीवर. तोंडातून भराभर निघालं, "अन्न बंद करा. लगेच. कुठं आहात? डॉक्टर कुठं आहेत? पोट ताठ आहे का? उलटी झाली का?"

"न्हाई न्हाई, ऐका तर. आमी गावाकडंच हाव. नळी काडून लई दिवस झाले. आधी चमच्यानं पेज घेतली, मग वरण. आता भाकर कुस्करून देतेय, हातानं खातो. उजवा हात चालत न्हाई, डाव्यानं खातो. बोलतो थोडं, समदं न्हाई. पर खातो बाई. आज दोन भाकरी खाल्ल्या." ती दम घ्यायला थांबली. "पोट भरलंय त्याचं. तवा तुमाला इचारायचं व्हतं, हा करदोडा आता सोडून नवा, मोठा बांदू का? का तुमी म्हनशाल तसाच राहू देऊ?"

 पलीकडून कुणाच्या तरी चघळण्याचा आवाज येत होता, जवळच, फोनच्या अगदी शेजारी.

"किती बोटं जातात, आक्का?" मी विचारलं.

"एकबी न्हाई," ती म्हणाली.